झेल आधी ऐकू येतो, मग दिसतो

29 जून 2024. बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना शेवटच्या षटकात येऊन ठेपला होता. दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत 16 धावा हव्या होत्या आणि स्ट्राइकवर डेव्हिड मिलर होता. हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू फुलटॉस पडला. मिलरने तो लाँग ऑफकडे उचलला. सीमारेषेला लागून धावत आलेल्या सूर्यकुमार यादवने तो पकडला, तोल बाहेर जातोय म्हटल्यावर हवेत उडवला, रेषेपलीकडे पाऊल टाकलं, आत आला आणि पुन्हा पकडला. तिथे सामना फिरला आणि भारताने तो सात धावांनी जिंकला.

अशा चेंडूची सगळी गंमत पुढे काय होणार हे माहीत नसण्यात असते. सीमारेषेवरचे ते दोन-तीन सेकंद श्वास रोखून पाहायचे असतात. आणि नेमके तेच मोबाइलवर किंवा स्मार्ट टीव्हीच्या ॲपवर सामना पाहणाऱ्याच्या हातून निसटतात. शेजारी केबल असते. तिकडून आरडाओरडा होतो, खाली फटाका फुटतो, आणि आपल्या पडद्यावर मात्र गोलंदाज अजून रन-अपच्या टोकाकडे चाललेला असतो. विकेट पडणार हे कळलेलं असतं, फक्त कशी ते पाहायचं उरतं.

बहुतेक जण अशा वेळी इंटरनेटला दोष देतात. नेट स्लो आहे म्हणतात, महागडा प्लॅन घेतात, वायफायचा राउटर बदलतात. तरीही शेजाऱ्यांचा आवाज आधीच येतो. कारण हा उशीर नेटच्या वेगामुळे होतच नाही, निदान मुख्यतः तरी नाही. तो अंतरामुळेही होत नाही. बार्बाडोस ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटरच्या वर आहे, पण समुद्राखालच्या फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वाट वाकडी असली तरी तो पल्ला सेकंदाच्या लहानशा भागात संपतो. उपग्रहाचंही तसंच. आपले टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात. चित्र तिथवर जाऊन परत खाली यायला पाव सेकंद लागतो. मग वीस-पंचवीस सेकंद जातात कुठे?

ते वाट पाहण्यात जातात, आणि ही वाट मुद्दाम पाहिली जाते.

आधी केबलकडे पाहू, कारण केबलसुद्धा अगदी त्या क्षणाचं चित्र दाखवत नाही. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं येतात, त्यातलं एक निवडलं जातं, त्यावर धावफलक चढतो. ते चित्र वाहिनीच्या स्टुडिओत पोहोचतं. तिथे आपल्या भाषेतली कॉमेंट्री आणि जाहिराती जोडल्या जातात, चित्र आकाराने लहान केलं जातं आणि उपग्रहावर सोडलं जातं. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये ते डिशवर उतरतं, इतर शेकडो वाहिन्यांबरोबर एकत्र बांधलं जातं आणि तुमच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत येतं. प्रत्येक ठिकाणी एखाद-दोन सेकंद जातात. सगळं मिळून पाच ते आठ सेकंद धरायला हरकत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या वाटेवर चित्र कुठेही फार काळ अडवून ठेवलं जात नाही. नळाच्या धारेसारखं ते सलग येत राहतं, आणि तुमच्या बॉक्सने ते मागवावं लागत नाही. पाहणारे शंभर असोत की दहा कोटी, उपग्रहाला काहीच फरक पडत नाही.

इंटरनेटवर असं नसतं. तिथे प्रत्येक फोनला आपला सामना स्वतः मागून घ्यावा लागतो. आणि तो धारेच्या नव्हे, तुकड्यांच्या रूपात मिळतो.

कॅमेऱ्यातून निघणारं मूळ एचडी चित्र सेकंदाला सुमारे दीडशे कोटी बिट इतकं जड असतं. फोनला जे पाठवलं जातं ते साधारण तीस ते साठ लाख बिटांचं. म्हणजे काही शेपट वजन काढून टाकावं लागतं. हे काम एन्कोडर नावाचं यंत्र करतं. ते दर काही क्षणांनी एक चित्र पूर्ण साठवतं आणि त्यानंतरच्या चित्रांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच नोंदवतं. हिरवं मैदान तेच, स्टँड तेच, फक्त चेंडू आणि सूर्यकुमार हलले. त्यातली काही चित्रं तर पुढच्या चित्राशी तुलना करून बनवली जातात, म्हणजे पुढचं चित्र हातात येईपर्यंत एन्कोडरला थांबावंच लागतं. इथे एक-दोन सेकंद जातात. एकाच वेळी तोच सामना वेगवेगळ्या दर्जांत तयार होतो, गावाकडच्या कमजोर नेटवर्कसाठी धूसर आणि मोठ्या टीव्हीसाठी स्वच्छ.

खरा उशीर इथून पुढे सुरू होतो. ॲपलने 2009 मध्ये आयफोनसाठी एचएलएस नावाची पद्धत आणली. तिच्यात थेट प्रक्षेपण छोट्या छोट्या फायलींत कापलं जातं. आज ही पद्धत आणि तिच्यासारखीच डॅश नावाची दुसरी पद्धत जगभर वापरली जाते. सुरुवातीला एकेक फाइल दहा सेकंदांची करावी अशी शिफारस होती. नंतर ती सहा सेकंदांवर आली. फायली तयार होतील तशी त्यांची नावं एका यादीत लिहिली जातात आणि तुमच्या फोनमधला प्लेअर ती यादी पुन्हा पुन्हा मागवून वाचतो. थेट सामन्याची यादी साधारण अशी दिसते:

```
#EXTM3U
#EXT-X-VERSION:3
#EXT-X-TARGETDURATION:6
#EXT-X-MEDIA-SEQUENCE:2681
#EXTINF:6.0,
seg2681.ts
#EXTINF:6.0,
seg2682.ts
#EXTINF:6.0,
seg2683.ts
#EXTINF:6.0,
seg2684.ts
```

चार तुकडे, प्रत्येक सहा सेकंदांचा. सामना संपला की शेवटी `#EXT-X-ENDLIST` अशी ओळ येते. ती इथे नाही, म्हणून प्लेअरला कळतं की अजून तुकडे यायचे आहेत आणि यादी पुन्हा मागवली पाहिजे. आता प्रश्न असा की, तुम्ही ॲप उघडलं तर प्लेअर कुठला तुकडा आधी लावेल? आपल्याला वाटेल सगळ्यात ताजा, म्हणजे 2684. तसं होत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीच्या नियमावलीत प्लेअरला सांगितलेलं आहे की, यादीच्या शेवटापासून निदान तीन तुकडे मागे राहा. म्हणून तो 2682 पासून सुरू करतो. सहा त्रिक अठरा. अठरा सेकंद तुम्ही जाणूनबुजून मागे ठेवले गेलेले असता.

सूर्यकुमारच्या झेलासारखा एखादा क्षण घेऊन हिशोब मांडू. त्या रात्री कुठल्या ॲपने नेमकी कशी मांडणी केली होती याच्याशी इथे संबंध नाही. साध्या, सहा सेकंदांच्या तुकड्यांच्या मांडणीचा हा नमुना आहे. झेल पूर्ण झाला तो क्षण शून्य धरू. मैदानातून स्टुडिओत यायला तीन सेकंद, एन्कोडरमध्ये दोन, म्हणजे पाच झाले. आता हा क्षण ज्या तुकड्यात पडला तो समजा अर्धाच भरलाय. उरलेले तीन सेकंद भरून तुकडा पूर्ण होईपर्यंत तो कुणालाच देता येत नाही, कारण अर्धवट फाइल यादीत चढत नाही. आठ. तुकडा बांधून ठिकठिकाणच्या सर्व्हरवर पोहोचायला एक सेकंद. नऊ. तुमचा प्लेअर दर काही सेकंदांनीच यादी मागवतो, त्यामुळे नवा तुकडा आलाय हे त्याला कळायला आणखी तीन सेकंद. बारा. उतरवून घ्यायला एक. तेरा.

तेराव्या सेकंदाला झेल तुमच्या फोनमध्ये आलेला असतो. फोनच्या आत, तुमच्या हातात. पण तो दिसत नाही. कारण त्याच्या आधीचे दोन तुकडे, म्हणजे बारा सेकंद, अजून दाखवायचे आहेत, आणि झेल स्वतः त्याच्या तुकड्यात तीन सेकंद आत आहे. तेरा अधिक बारा अधिक तीन. अठ्ठावीस. तोच झेल केबलवर साधारण सातव्या सेकंदाला दिसून गेला. मधलं अंतर एकवीस सेकंदांचं. केबलवाल्या घरात आरोळी उठते तेव्हा तुमच्या पडद्यावर एकवीस सेकंद आधीचं दृश्य असतं. षटकाचा पहिलाच चेंडू असेल, तर कदाचित दोन षटकांमधली जाहिरातसुद्धा संपलेली नसेल.

या हिशोबात नेटच्या वेगाचा वाटा फक्त उतरवून घेण्याच्या त्या एका सेकंदात आहे. तुम्ही दहापट वेगवान कनेक्शन घेतलं, तर अठ्ठावीसचे फार तर सत्तावीस होतील.

मग हे तीन तुकडे मागे राहण्याचं बंधन काढून का टाकत नाहीत? कारण फोनमधल्या त्या साठ्यावरच, ज्याला बफर म्हणतात त्यावर, न अडकणारं चित्र उभं असतं. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये सामना पाहणाऱ्या माणसाचा विचार करा. गाडी धावत असते, फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात असतो, मध्येच पाच-सात सेकंद नेटवर्क जवळजवळ गायब होतं. बफरमध्ये बारा सेकंद शिल्लक असतील तर त्याला पत्ताही लागत नाही. दोनच सेकंद असतील तर चित्र थिजतं आणि मधोमध गोल फिरू लागतं. प्लेअरला नेटवर्क कमजोर झाल्याचं ओळखून कमी दर्जाच्या तुकड्यावर उतरायलाही तेवढीच सवड लागते. शेजाऱ्याची आरोळी आधी ऐकू आली तर माणूस चिडतो, पण पाहत राहतो. शेवटच्या षटकात चित्र थिजलं तर तो ॲप बंद करतो. कंपन्यांनी हे दोन तोटे तोलले आणि उशीर पत्करला. एक प्रेक्षक म्हणून मला हा निर्णय आवडत नाही, पण लोकलमधल्या त्या माणसासाठी तो बरोबर आहे, हे मान्य करावं लागतं.

तुकडे लहान केले तर? सहाऐवजी दोन सेकंदांचे केले, तर तीन तुकडे मागे राहूनही उशीर सहाच सेकंदांचा होईल. हे बऱ्याच ठिकाणी केलंही जातं. पण त्याची किंमत मोठी आहे. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादला भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषक अंतिम सामना झाला, तेव्हा डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी प्रेक्षक असल्याची नोंद झाली. एवढे लोक सहा सेकंदांचे तुकडे मागत असतील, तर सेकंदाला जवळपास एक कोटी मागण्या सर्व्हरवर येऊन पडतात. तुकडे दोन सेकंदांचे केले की त्या तीन कोटींच्या घरात जातात. शिवाय यादीच्या मागण्या वेगळ्याच. आणखी एक अडचण चित्राचीच आहे. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सुरू करता यावा म्हणून त्याच्या आरंभी एक पूर्ण चित्र असावं लागतं, आणि पूर्ण चित्र सगळ्यात जड असतं. तुकडे जितके लहान, तितकी पूर्ण चित्रं जास्त. मग एक तर डेटा वाढतो किंवा तेवढ्याच डेटात चित्र खराब होतं.

इतकं सगळं असूनही फायलींची पद्धत सोडता येत नाही, कारण कोट्यवधी लोकांना एकच सामना दाखवणं तिच्यामुळेच परवडतं. seg2684.ts ही फाइल सगळ्यांसाठी सारखीच. ती एकदा तयार झाली की मुंबई, चेन्नई, दिल्ली अशा ठिकाणच्या सर्व्हरवर तिच्या प्रती ठेवायच्या आणि मागेल त्याला जवळच्या सर्व्हरवरून द्यायच्या. मूळ केंद्रावर भार पडत नाही. लोक विचारतात, व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतली मुलगी अर्ध्या सेकंदात उत्तर देते, मग क्रिकेटला काय झालं? व्हिडिओ कॉल फायली करत नाही. तो प्रत्येक चित्र निघेल तसं पुढे ढकलतो आणि वाटेत काही हरवलं तर ते सोडून देतो. म्हणून कॉलवर चेहरा मधूनच चौकटी-चौकटींचा होतो, आणि आपण ते चालवून घेतो. पण त्यासाठी सर्व्हरला प्रत्येक माणसाशी सतत जोडलेलं राहावं लागतं. दोघांच्या, वीस जणांच्या बोलण्याला हे ठीक. सहा कोटींना ते परवडणारं नाही, आणि तशा चौकटी सामन्यात कुणी खपवूनही घेणार नाही.

मधला मार्ग निघाला आहे. ॲपलने 2019 मध्ये एचएलएसची कमी उशिराची आवृत्ती जाहीर केली आणि डॅशकडेही तसाच उपाय आहे. तुकडा पूर्ण व्हायची वाट न पाहता त्याचे सेकंदाहून लहान कण तयार होतील तसे पुढे पाठवायचे. सगळी साखळी नीट बसली तर उशीर दोन ते पाच सेकंदांवर येतो, म्हणजे केबलच्या बरोबरीने किंवा पुढेही. पण बफर तितकाच पातळ होतो. फायबर असलेल्या घरातल्या टीव्हीला हे उत्तम जमतं, डोंगराच्या कुशीतल्या गावात एका टॉवरवर चाललेल्या फोनला नाही. आणि प्रक्षेपण करणाऱ्याला दोघांनाही सांभाळायचं असतं.

एकाच घरात, एकाच वायफायवर, एकच ॲप लावलेले दोन फोनही पुढे-मागे का चालतात, हेही यातून कळतं. प्रत्येकाने यादी वेगळ्या क्षणी वाचलेली असते, त्यामुळे सुरुवातीलाच काही सेकंदांचा फरक पडतो. नंतर एखाद्याचं चित्र चार सेकंद अडकलं, तर अनेक प्लेअर तिथूनच पुढे चालू होतात आणि ते चार सेकंद कायमचे मागे राहतात. कॉल आला, तुम्ही पॉज केलं, की त्यात भर. काही प्लेअर हे अंतर गुपचूप भरून काढतात. ते सामना पाच टक्के जास्त वेगाने दाखवतात, जे डोळ्याला आणि कानाला सहसा जाणवत नाही. पण या वेगाने सहा सेकंद भरून काढायला दोन मिनिटं लागतात. काही प्लेअर असं काहीच करत नाहीत, आणि संध्याकाळी ॲप उघडून ठेवलेला माणूस शेवटच्या षटकापर्यंत मिनिटभर मागे पडलेला असतो.

हे अंतर मोजणं सोपं आहे. केबल आणि ॲप शेजारी-शेजारी लावा, केबलवर गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताना फोनवरचं स्टॉपवॉच सुरू करा आणि ॲपवर तोच चेंडू सुटताना थांबवा. चार-पाच चेंडूंवर मोजून बघा. आकडा स्थिर असेल, तर तो प्रक्षेपणाच्या मांडणीचा उशीर आहे, तुमच्याकडून तो कमी होणार नाही. आकडा सामन्यागणिक वाढत चालला असेल, तर तो तुमच्या फोनवर साचलेला उशीर आहे आणि तो काढता येतो. पडद्यावर लाइव्ह असं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. अंतिम षटकांच्या आधी हे एकदा करून घ्यावंच.

स्कोअर सांगणाऱ्या ॲपची नोटिफिकेशन मात्र सामना सुरू व्हायच्या आधीच बंद करा. "W" हे एक अक्षर पाठवायला तुकडा भरायची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे ते चित्राच्या कितीतरी आधी पोहोचतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही तेच. इमारतीत सगळ्यांनी मिळून सामना पाहायचा असेल आणि आसपास केबल किंवा डीटीएच असेल, तर मोठ्या पडद्यालाही केबल किंवा डीटीएचच लावा. एकट्याने फोनवर पाहायचा असेल तर इअरफोन घाला. आणि निव्वळ हा उशीर घालवण्यासाठी महागडा डेटा प्लॅन किंवा नवा राउटर घेऊ नका, त्या पैशाने फार तर एक सेकंद वाचेल.